फायनल बिल आणि पहिला पावसाळा

ठाण्यातल्या एका फ्लॅटचं उदाहरण घेऊ. बाथरूम फोडून नवं करायचं, स्वयंपाकघरात ओटा आणि कपाटं. काम ६ लाखांचं. करारात लिहिलंय की प्रत्येक बिलातून ५ टक्के राखून ठेवायचे. म्हणजे एकूण ३० हजार. हीच रिटेन्शनची रक्कम. यातली निम्मी घर ताब्यात देताना मिळणार आणि उरलेले १५ हजार १२ महिन्यांनी. हे १२ महिने म्हणजे डिफेक्ट लायबिलिटीचा काळ. त्यात कामातला दोष निघाला, तर तो ठेकेदाराने पदरच्या पैशांनी दुरुस्त करायचा.

फेब्रुवारीत काम आटोपलं. शेवटचं बिल, रिटेन्शन वजा जाता, ९० हजारांचं. पाहणीत कपाटाची दोन दारं बसवायची राहिलेली दिसली आणि एक टाइल ठोकल्यावर पोकळ वाजली. दोन्ही मिळून खर्च फार तर ८ हजार. इथेच बहुतेक घरमालक घसरतात आणि सगळे ९० हजार अडवून बसतात. ‘पुढे गळलं तर?’ हे त्यांचं कारण. पण पुढच्या भीतीसाठी रिटेन्शन आहेच! फायनल बिलातून अडवायचं ते डोळ्यांना दिसणाऱ्या, यादीत लिहिलेल्या अपुऱ्या कामापुरतं. ८ हजार थांबवावेत, बाकीचे द्यावेत. नाहीतर करार मोडल्याचा ठपका मालकावरच येऊ शकतो. आणि करारात रिटेन्शनचा उल्लेखच नसेल, तर काम झाल्यावर मनाने ५ टक्के कापता येत नाहीत.

जुलैत खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली. दोष कुठे, हे आधी शोधायला हवं. नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर पाणी तुंबवलं, भिंतीवर पातळीची खूण केली आणि ४८ तास नळ बंद ठेवले. पातळी उतरली आणि खालची ओल पसरली. दोष ट्रॅपभोवतीच्या सांध्यात निघाला, म्हणजे जबाबदारी ठेकेदाराची. मालकाने स्वतः भिंतीत ड्रिल मारून पाइप फोडला असता, तर ती त्याची नसती.

फोटोंसह लेखी कळवलं, करारातली ७ दिवसांची मुदत दिली. ठेकेदार फिरकला नाही. मग दुसऱ्याकडून काम करून घेतलं, पक्कं बिल साडेनऊ हजारांचं. फेब्रुवारीत १५ हजारांतून तेवढे वळते करून साडेपाच हजार ठेकेदाराला परत द्यायचे, बिलाची प्रत जोडून.

रेरा कायद्यातली ५ वर्षांची जबाबदारी इथे पुढे करून उपयोग नाही, ती बिल्डरची. नूतनीकरणाच्या ठेकेदाराला बांधतो तो करार. म्हणून मुदत ६ महिन्यांची असेल, तर फेब्रुवारीत संपलेल्या कामाला ती ऑगस्टमध्येच संपते. त्यात निदान एक पूर्ण पावसाळा बसतो का, हे सही करण्याआधी कॅलेंडर उघडून पाहावं.