फेसाला क्रूर म्हणावं का?

चार्ल्स किंग्स्ली याच्या 1850 सालच्या ‘आल्टन लॉक’ या कादंबरीत एक छोटं गीत आहे. मेरी नावाची मुलगी डी नदीच्या मुखाशी पसरलेल्या वाळूत गुरं हाकायला जाते, भरती येते आणि ती बुडते. लोक तिला होडीतून किनाऱ्यावर आणतात, तेव्हा कवी समुद्राच्या फेसाला क्रूर म्हणतो, सरपटणारा म्हणतो. सहा वर्षांनी जॉन रस्किन या कलासमीक्षकाने ‘मॉडर्न पेंटर्स’च्या तिसऱ्या खंडात नेमकं इथंच बोट ठेवलं. फेस क्रूर नसतो आणि सरपटतही नाही. दुःखाने बुद्धी हलली की बाहेरचं जग असं खोटं दिसू लागतं. या खोटेपणाला रस्किनने ‘पॅथेटिक फॅलसी’ असं नाव दिलं.

शाळेत शिकलेला चेतनगुणोक्ती अलंकार इथं कुणालाही आठवेल. पण चेतनगुणोक्तीत झाड नुसतं हसलं-बोललं तरी चालतं. पॅथेटिक फॅलसीत झाडाने बोलणाऱ्याचीच मनःस्थिती उचललेली असते: तो उदास म्हणून आभाळ उदास, तो खूश म्हणून ऊन खूश. रस्किनने याला सरसकट नावं ठेवली नाहीत. दुःख खरं असेल तर ही चूक त्याला चालत होती, किंग्स्लीच्या ओळी त्याला आवडतही होत्या. चीड होती ती थंड डोक्याने, सवयीने चिकटवलेल्या भावनेची. मात्र भावना तीव्र असूनही ज्याची नजर ढळत नाही, तो कवी त्याच्या लेखी वरच्या पायरीचा.

त्यासाठी त्याने होमरचा दाखला दिला. ‘इलियड’च्या तिसऱ्या सर्गात हेलन ट्रॉयच्या तटावरून प्रायमला ग्रीक सरदार दाखवते आहे. सगळे ओळखू येतात, पण तिचे दोन सख्खे भाऊ दिसत नाहीत. आपल्या बदनामीची लाज वाटून ते लढायला उतरले नसतील, असं तिला वाटतं. होमर लगेच सांगतो की ते केव्हाच मेले आहेत, मायदेशी लॅसिडीमनमध्ये मातीआड झाले आहेत. आणि ते सांगताना तो त्या मातीला जीवन देणारी म्हणतो. मरणाची बातमी देतानाही जमिनीचं विशेषण काळवंडत नाही. जमीन पिकतेच आहे, भाऊ मात्र तिच्या खाली आहेत. माती शोक करते आहे असं त्याने म्हटलं असतं, तर हेलनला निदान एक सोबतीण मिळाली असती. ती न मिळाल्यामुळेच हा प्रसंग इतका लागतो.

ही सोबत मुद्दाम नाकारणारी एक कविता रस्किनच्या ओळखीतल्याच माणसाने लिहिली. डान्टे गॅब्रिएल रॉसेटीची ‘द वुडस्पर्ज’ ही जेमतेम सोळा ओळींची कविता आहे. सुरुवातीला कवी वाचकाला सवयीच्या वाटेनेच नेतो: वारा सुटलेला, मग पडलेला, वारा होता तोवर माणूस चालला, थांबला तसा खाली बसला. आता वाऱ्याचा आणि मनाचा मेळ बसणार, असं वाटतं. पण माणूस गुडघ्यांत डोकं घालतो, केस गवतात पडलेले, तोंडून हायसुद्धा नाही. उघड्या डोळ्यांसमोर येतं ते दहाएक रानटी झाडांचं झुडूप. त्यातलं वुडस्पर्ज म्हणजे आपल्या शेराच्या कुळातलं, मोडलं की पांढरा चीक येणारं. त्याला एकात तीन पेले असतात, एवढंच त्याला दिसतं.

दुःख कशाचं, ते कविता शेवटपर्यंत सांगत नाही. तीन आकड्यात त्रिमूर्तीचा किंवा सांत्वनाचा अर्थ शोधायचा मोह होतो, तोही ती पुरा करत नाही. पुढं त्या दुःखातून शहाणपण उरलं नाही, आठवणही नाही. त्या फुलाची रचना तेवढी लक्षात राहिली. मोठा धक्का बसलेल्या माणसाला फरशीवरची नक्षी वर्षानुवर्षं आठवते, तसंच हे. झाड त्याच्यासाठी रडलं असतं, तर त्याच्या सुन्नपणाचा हा अचूक तपशील हरवला असता.

कालिदासाने तर ही चूक आधीच कबूल करून ठेवली आहे. ‘मेघदूता’त यक्ष रामगिरीवर, म्हणजे बहुतेकांच्या मते आपल्या रामटेकवर, मेघाकडे निरोप सोपवायला निघतो. तेव्हा कवीच मध्ये थांबून म्हणतो की मेघ म्हणजे धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचा गोळा, तो कसला निरोप नेणार? पण कामाने व्याकुळ झालेल्याला चेतन-अचेतन कळत नाही. चूक यक्षाची, कवीची नव्हे, हे पाचव्याच श्लोकात ठरून जातं. शिवाय यक्ष बोलतो त्या मेघाला स्वतःचं वजन आहे. आम्रकूटावरचा वणवा विझव, बरसून हलका झालास की रेवेचं पाणी पी, म्हणजे वारा तुला उडवून लावणार नाही, असं तो बजावतो. आणि या मेघावर विरहाची छाया पडलेली नाही. त्याची सखी वीज त्याच्याजवळच आहे, आणि तिच्यापासून तुझी क्षणभरही ताटातूट न होवो, असं शेवटच्या श्लोकात त्याला म्हणतो तो विरही यक्षच.