गाळ्याचं भाडं आणि मालकाला पत्र

‘धंदा मंदा आहे, भाडं कमी करा’ एवढंच लिहिलेलं पत्र मालक बाजूला ठेवतो. त्याला आकडे दिसायला हवेत.

समजा, स्टेशनरीचं दुकान आहे आणि गाळ्याचं भाडं ३०,००० रुपये. रस्ता खोदल्यापासून गिऱ्हाईक आटलं आणि महिन्याची विक्री ३,६०,००० वरून २,४०,००० वर आली. नफा १५ टक्के धरला, तर हाती ३६,००० येतात. भाडं दिल्यावर उरतात ६,०००. वीजबिल आणि पोऱ्याचा पगार त्यातूनच. पत्रात हेच लिहावं. सोबत गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या त्याच महिन्यांची विक्री जोडावी. दिवाळीची तुलना आषाढाशी केली, तर मालक लगेच पकडेल!

मग नेमकी मागणी: ‘सहा महिने २२,००० घ्या, सातव्या महिन्यापासून पुन्हा ३०,०००.’ मुदत असली की मालकाला होकार देणं सोपं जातं. बदल्यात लॉक-इन वर्षभर वाढवून द्यावा; गाळा रिकामा राहण्याची धास्ती त्यालाही असतेच.

उत्तर येईपर्यंत ठरलेलं भाडं भरत राहावं. होकार मिळाला, तर तो लेखी घ्यावा. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असावा लागतो, म्हणून पुरवणी करारही वकिलाला विचारून नोंदवलेला बरा. उरलेले ८,००० माफ की पुढे ढकललेले, हे त्यात स्पष्ट हवं. भांडणं तिथेच होतात.