तेरा ऑक्सिजनचा पेच

दहावीच्या रसायनशास्त्राच्या वर्कशीटवर एक समीकरण हमखास मुलांना अडवतं. ते आहे ब्युटेनच्या ज्वलनाचं. ब्युटेन म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या दोन मुख्य वायूंपैकी एक, दुसरा प्रोपेन. वर्कशीटवर ते असं छापलेलं असतं:

C₄H₁₀ + O₂ → CO₂ + H₂O

बाणाच्या डावीकडे अभिकारकं, उजवीकडे उत्पादितं. जळताना अणू नष्ट होत नाहीत आणि नवे तयारही होत नाहीत, ते फक्त जोडीदार बदलतात. म्हणून प्रत्येक मूलद्रव्याचे डावीकडे जितके अणू, तितकेच उजवीकडे असायला हवेत. आत्ता ते तसे नाहीत. डावीकडे कार्बन ४, हायड्रोजन १०, ऑक्सिजन २. उजवीकडे कार्बन १, हायड्रोजन २ आणि ऑक्सिजन ३, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमधले दोन आणि पाण्यातला एक.

सुरुवात कार्बनपासून करावी आणि ऑक्सिजन शेवटी ठेवावा. कार्बन आणि हायड्रोजन उजवीकडे एकेकाच संयुगात आहेत, त्यामुळे त्यांचे आकडे लगेच ठरतात. ऑक्सिजन मात्र तिकडे दोन ठिकाणी विभागलेला आहे. शिवाय डावीकडे तो एकटाच असल्याने शेवटी त्याचा आकडा बदलला, तरी आधी जुळलेलं काही बिघडत नाही.

कार्बन डावीकडे चार, म्हणून CO₂ च्या आधी ४ लिहायचे. हायड्रोजन दहा आहेत आणि पाण्याच्या एका रेणूत दोन मावतात, म्हणून H₂O च्या आधी ५.

C₄H₁₀ + O₂ → 4CO₂ + 5H₂O

आता उजवीकडचा ऑक्सिजन मोजू. चार दुणे आठ, अधिक पाण्याचे पाच: तेरा. पेच इथेच पडतो. ऑक्सिजनचा रेणू जोडीचा, आणि हवेत तेरा अणू. जोड्या करायला गेलं तर साडेसहा रेणू लागतात, आणि अर्धा रेणू नसतो.

इथं मुलं दोन चुका करतात. पहिली चूक म्हणजे रेणूसूत्रालाच हात लावणं. कुणी O₂ चं O₁₃ करतं, कुणी एखादा ऑक्सिजन हवा म्हणून H₂O चं H₂O₂ करतं. आकडे जुळल्यासारखे वाटतात, पण H₂O₂ हे पाणी नाही, ते हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. सूत्राच्या पायाशी असलेला छोटा आकडा बदलला की पदार्थच बदलतो. आपल्याला फक्त सूत्राआधीचा सहगुणक बदलता येतो. दुसरी चूक म्हणजे साडेसहाचे तेरा करायचे आणि बाकीचं तसंच सोडून द्यायचं. मग डावीकडे ऑक्सिजनचे २६ अणू होतात आणि उजवीकडे १३च राहतात.

खरा उपाय म्हणजे सगळंच दुप्पट करणं. घरात माणसं दुप्पट झाली की आपण तांदूळ, डाळ, पाणी सगळंच दुप्पट घेतो, तसं.

2C₄H₁₀ + 13O₂ → 8CO₂ + 10H₂O

आता शेवटची तपासणी. बरीच मुलं ती टाळतात, आणि गुण नेमके तिथंच जातात. नुसतं नजरेनं पाहू नये, पेन्सिलीनं दोन्ही बाजू पुन्हा लिहून काढाव्यात.

कार्बन: डावीकडे २ × ४ = ८; उजवीकडे ८.
हायड्रोजन: डावीकडे २ × १० = २०; उजवीकडे १० × २ = २०.
ऑक्सिजन: डावीकडे १३ × २ = २६; उजवीकडे १६ + १० = २६.

तीनही ओळी जुळल्या. २, १३, ८, १० यांना एकाच संख्येनं भाग देऊन आणखी लहान करता येतं का, तेही पाहावं. १३ मुळे ते शक्य नाही, म्हणजे हेच अंतिम उत्तर.

पण जुळलेल्या समीकरणातून काय कळत नाही, हेही मुलांना सांगायला हवं. हे दुसरं समीकरण पाहा:

2C₄H₁₀ + 9O₂ → 8CO + 10H₂O

मोजून पाहिलंत तर कार्बन ८, हायड्रोजन २० आणि ऑक्सिजन १८, दोन्ही बाजूंना सारखेच. म्हणजे हेही संतुलित आहे. फरक एवढाच की ऑक्सिजनचे रेणू तेरांऐवजी नऊच मिळाले आणि कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी, वास नसलेला वायू तयार झाला. हिशेब दोन्हींचा चोख आहे. शेगडीवर प्रत्यक्षात काय घडतंय हे मात्र कागद सांगू शकत नाही, ते ज्योतीकडे पाहून ओळखावं लागतं. ज्योत निळी असेल तर हवा पुरेशी मिळते आहे. ती पिवळी पडली आणि भांड्याचं बूड काळं होऊ लागलं, तर गॅस अर्धवट जळतो आहे. अशा वेळी खिडकी उघडावी आणि शेगडी बंद करून, ती थंड झाल्यावर बर्नरची छिद्रं साफ करावीत.