भात निवण्याचे दोन तास

१९७१पासून पुढची तीन-चार वर्षं ब्रिटनमध्ये उलट्यांच्या साथींची एक विचित्र मालिका चालू होती. रुग्ण एकमेकांना ओळखत नव्हते, पण बहुतेकांनी चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाल्लेला होता आणि खाल्ल्यावर एक ते पाच तासांत उलट्या सुरू झाल्या होत्या. तपासात स्वयंपाकघरातला रिवाज उघड झाला. भात मोठ्या प्रमाणावर उकडायचा, निथळायचा आणि रात्रभर तसाच बाहेर ठेवायचा, कारण फ्रिजमधल्या भाताचे गोळे होतात आणि परतताना शितं मोकळी राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो कढईत भर आचेवर परतला की ताटात. मराठी वाचकाला ही कृती ओळखीची वाटेल. रात्रीचा भात, सकाळी मोहरी-हिंगाची फोडणी, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. माझं म्हणणं असं, की उन्हाळ्यात या भाताची सुरक्षितता सकाळच्या फोडणीवर अवलंबून नसते. ती आदल्या रात्री, भात शिजल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत ठरून गेलेली असते.

याला कारण बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू. हा मातीतला, त्यामुळे भातखाचरातून तांदळावर येतो. दिवस वाईट आले की तो टणक कवचाच्या बीजाणूत शिरून बसतो आणि हे बीजाणू भात शिजण्याच्या उष्णतेतूनही तगतात. तांदूळ चार पाण्यांनी धुतला म्हणून ते सगळे जात नाहीत. उलट, शिजवण्यानं बाकीचे स्पर्धक मरतात, बीजाणूंना जाग येते आणि समोर ओलसर, पचायला सोपा पिष्टमय पदार्थ तयार असतो. वाढीला त्याला सर्वांत मानवतं ते साधारण ३० ते ३७ अंश तापमान. समजा, ग्रॅममागे दहाच जिवाणू जागे झाले आणि दर अर्ध्या तासाला ते दुप्पट होऊ लागले, तर दहा तासांत वीस वेळा दुप्पट होऊन त्यांची संख्या ग्रॅममागे एक कोटीच्या घरात जाते. आजारी पाडायला त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढे जिवाणूही पुरेसे ठरू शकतात. वाढता वाढता त्यांच्यातल्या काही जाती सेर्युलाइड नावाचं विष भातात सोडतात. ते १२१ अंशांवर तासभर तापवलं तरी टिकतं. कढईतली फोडणी कितीही कडकडीत असली तरी जिवाणू मरतील, विष तसंच राहील.

याच जिवाणूचा दुसरा प्रकार पोट बिघडवतो. तो आधी उजेडात आला, नॉर्वेत, रुग्णालयातल्या व्हॅनिला सॉसमधून. स्टायनर हाउगे या संशोधकानं हा जिवाणू वाढवलेला सॉस स्वतः पिऊन आपला संशय पडताळून पाहिला होता. हे विषयांतर झालं खरं, पण शास्त्रज्ञांनाही हा निरुपद्रवी दिसणारा जिवाणू दोषी आहे हे पटायला किती वेळ लागला, ते त्यावरून कळतं. बाकीचे गुन्हेगार थोडक्यात सांगतो. हाताच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात जाणारा स्टॅफिलोकोकस, त्याचंही विष उष्णतेला दाद देत नाही. आणि मटणाच्या रश्शात वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, ज्याला ४३ ते ४५ अंशांची ऊब आणि मोठ्या पातेल्याच्या तळाशी हवा नसलेली जागा आवडते. हा मात्र रस्सा पुन्हा खळखळून उकळला की मरतो. म्हणून रश्शाला जो न्याय लागतो तो भाताला लावता येत नाही.

आता घरातल्या पातेल्याकडे येऊ. मे महिना, विदर्भातलं गाव, रात्रीचे नऊ. स्वयंपाकघरात अजून पस्तीस अंश. अर्धा किलो तांदळाचा भात, त्यातला निम्मा उरला, पातेल्यावर झाकण. आपण म्हणतो, ‘निवू दे, मग ठेवू.’ पण कोणताही पदार्थ भोवतालच्या हवेपेक्षा फारसा गार होत नाही. थंडीत ओटा भाताला वीस अंशांपर्यंत उतरवतो. मे महिन्यात तोच ओटा भाताला पस्तीसवर आणतो आणि तिथेच धरून ठेवतो, म्हणजे जिवाणूला हव्या त्या तापमानावर. अमेरिकेतल्या उपाहारगृहांना लागू असलेला नियम असा, की शिजलेलं अन्न ५७ अंशांवरून दोन तासांत २१वर आणि पुढच्या चार तासांत ५वर यावं. आपल्या ओट्यावर पहिलाच टप्पा अशक्य आहे. ‘पूर्वीची माणसं शिळं खाऊन ठणठणीत राहिली’ हा आक्षेप इथे येतोच. पण थंडीतल्या रात्रीचा शिळा भात आणि मेमधला शिळा भात एक नव्हे. शिवाय या उलट्या बहुधा दिवसभरात थांबतात. उन्हाळ्यात त्यांचं खापर ‘ऊन लागलं’वर फुटलं, तर भातावर संशय कोण घेणार? आणि क्वचित प्रकरण हाताबाहेरही जातं. २००८मध्ये बेल्जियममध्ये पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्लेला वीस वर्षांचा विद्यार्थी यकृत निकामी होऊन दगावला.

दुसरा आक्षेप फ्रिजचा. गरम भात आत ठेवला तर फ्रिज बिघडतो आणि शेजारचं दूध नासतं, असं म्हणतात. अख्खं गरम पातेलं ठेवलं तर शेजारचे पदार्थ कोमट होतात, हे खरं. म्हणून पातेलं ठेवायचंच नाही. पदार्थाच्या आतली उष्णता बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. थर निम्मा केला की वेळ साधारण चौथाईवर येतो. उरलेला भात ताटात किंवा परातीत दोन बोटं जाडीचा पसरला, वर पंखा लावला, की पंधरा-वीस मिनिटांत वाफ जाते आणि हाताला तो कोमट लागतो. तेवढ्यात उथळ डब्यांत भरून आत ठेवावा. पूर्ण गार होण्याची वाट पाहू नये. रस्सा पसरता येत नाही, तेव्हा तो लहान पातेल्यांत वाटून परातीतल्या पाण्यात ठेवावा आणि ढवळत राहावं. विदर्भातल्या कोरड्या हवेत माठाचं पाणी यासाठी उत्तम. कोकणातल्या दमट हवेत माठ तेवढा गार होत नाही, तिथे बर्फच हवा. एवढं करूनही भात दुसऱ्या दिवशी संपवावा, कारण या जिवाणूच्या काही जाती फ्रिजमध्येही सावकाश वाढतात. वासावर विसंबू नये. आंबूस वास, चिकटपणा, तार सुटणं ही भात टाकून देण्याची कारणं आहेत. पण ती दिसली नाहीत म्हणजे विष नाही, असं मात्र नाही.

डब्याचं गणित वेगळं, कारण तो फ्रिजमध्ये नसतोच. सकाळी सहाला भरलेला भात एकला खाल्ला तर सात तास झाले. मुंबईच्या डबेवाल्यांची पद्धत, जिची सुरुवात १८९०मध्ये महादू हावजी बच्चे यांनी केली, ती इथे नकळत उपयोगी पडते: डबा घरून सकाळी उशिरा निघतो, त्यामुळे तव्यापासून ताटापर्यंतचा वेळ कमी होतो. लवकर निघणाऱ्यांनी उष्णता टिकवणारा डबा वापरावा, पण तो आधी उकळत्या पाण्यानं तापवून, वाफाळता पदार्थ काठोकाठ भरून. खाताना अन्न ६० अंशांवर, म्हणजे पहिला घास फुंकून खावा लागेल इतकं गरम असायला हवं. अर्धा भरलेला असा डबा दुपारी चाळीस-पंचेचाळीसवर आला, तर साध्या डब्यापेक्षा त्यात काही बरं नाही.

भातच न्यायचा असेल तर आंबटपणाचा आधार घ्यावा. पुरेशा आंबट पदार्थात हा जिवाणू वाढू शकत नाही. मात्र दुधात चमचाभर विरजण घालून डब्यात दही लागेल असा भरवसा ठेवला, तर आंबटपणा यायला काही तास लागतात आणि तेवढी सवलत जिवाणूलाही मिळते. म्हणून थंड भातात तयार, चांगलं आंबट दही भरपूर कालवावं. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला भात नव्हे, तर दशम्या, धपाटे आणि कोरडी चटणी बांधून देत. दशमीत पाण्याऐवजी दूध असतं, पण भाजून ओलावा उडालेला असतो, आणि जिवाणूला वाढायला लागणारं मोकळं पाणी तिच्यात भाताच्या मानानं फारच कमी उरतं.