सर्वांत जवळचं ठिकाण आधी पक्कं करा

एका ठिकाणाहून निघून बाकीच्या प्रत्येक ठिकाणी कमीत कमी वेळात कसं पोचायचं, हे काढण्याची एक रीत एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने 1956 साली शोधली. ॲमस्टरडॅममध्ये आर्मॅक नावाचा नवा संगणक तयार झाला होता आणि तो लोकांना दाखवण्यासाठी सामान्य माणसाला समजेल असा प्रश्न हवा होता. नेदरलँड्समधली 64 शहरं घेऊन रॉटरडॅमहून ख्रोनिंगनला जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता शोधायचा, असं ठरलं. रीत त्यांना कागद-पेन्सिलीशिवाय, कॅफेत कॉफी पिताना सुचली आणि 1959 साली ती एका तीन पानी लेखात छापून आली. कागद न घेता सुचण्याइतकी ती साधी आहे. मात्र ती बरोबर का ठरते हे नीट समजून घेतलं नाही, तर वापरताना हमखास चूक होते.

आपण सहा ठिकाणांचा एक काल्पनिक नकाशा घेऊ. आकडे मिनिटांचे आहेत आणि जायला जितका वेळ लागतो तितकाच यायला लागतो. वाडीहून तिठा 4, शाळा 5 आणि बाजार 9 मिनिटांवर आहे. तिठ्यावरून बाजार 3 आणि पूल 11. शाळेपासून पूल 13. बाजारातून पूल 5 आणि दवाखाना 14. पुलापासून दवाखाना 6. आपल्याला वाडीहून सगळीकडची अंतरं हवी आहेत.

प्रत्येक ठिकाणाजवळ एक आकडा लिहायचा: आतापर्यंत सापडलेल्या रस्त्याने तिथे पोचायला लागणारा वेळ. हा आकडा सुरुवातीला तात्पुरता असतो, पुढे तो कमी होऊ शकतो. वाडीचा आकडा 0 आणि तो पक्का. तिच्या शेजाऱ्यांना तात्पुरते आकडे मिळतात: तिठा 4, शाळा 5, बाजार 9. पूल आणि दवाखाना अजून कोरे आहेत.

आता तात्पुरत्या आकड्यांतला सर्वांत लहान बघायचा. तो तिठ्याचा, 4. तो पक्का करायचा आणि तिठ्यावरून पुढे काय मिळतं ते पाहायचं. तिठ्यावरून बाजार 4 + 3 म्हणजे 7 मिनिटांत येतो, म्हणून बाजाराजवळचा 9 खोडून 7 लिहायचा आणि शेजारी ‘तिठ्यावरून’ अशी नोंद करायची. पुलाला 4 + 11 = 15 मिळतात.

उरलेल्यांत लहान आकडा शाळेचा, 5. तो पक्का. शाळेवरून पूल 18 मिनिटांवर पडतो, पण पुलाजवळ आधीच 15 आहेत, म्हणून काही बदलत नाही. दवाखान्याच्या वाटेवर शाळा येणारच नाही, तरी तिचा आकडा आता पक्का झाला, हे लक्षात घ्या. ही रीत मुक्कामाच्या दिशेने धावत नाही, वाडीपासून चहूबाजूंनी पसरत जाते.

पुढे बाजार 7 ला पक्का होतो. त्याच्यावरून पूल 12 वर उतरतो आणि दवाखान्याला पहिल्यांदा आकडा मिळतो, 21. मग पूल 12 ला पक्का होतो आणि दवाखाना 21 वरून 18 वर येतो. शेवटी दवाखाना 18 ला पक्का. रस्ता हवा असेल तर नोंदी उलट्या वाचायच्या: दवाखाना पुलावरून, पूल बाजारावरून, बाजार तिठ्यावरून, तिठा वाडीवरून.

आता खरा प्रश्न. बाजार 7 ला पक्का करताना आपण पुढचा नकाशा पाहिलेलाही नव्हता. कुठून तरी वळसा घालून बाजारात 6 मिनिटांत पोचता येणार नाही, याची खात्री काय? त्या क्षणी वाडी, तिठा आणि शाळा पक्के आहेत. बाजाराकडे जाणारा कोणताही रस्ता कधी ना कधी या तिघांच्या बाहेर पडणारच. तो थेट बाजारात पडत असेल, तर ते पर्याय आपण तपासले आहेत: 9 आणि 7. तो आधी पुलाकडे बाहेर पडत असेल, तर पुलापर्यंतच किमान 15 मिनिटं जातात, आणि तिथून पुढचा प्रवास वेळ वाढवेल किंवा फार तर तेवढाच ठेवेल, कमी करणार नाही. म्हणून 7 पेक्षा कमी शक्य नाही. सगळी खात्री ‘कमी करणार नाही’ या शब्दांवर उभी आहे. त्यासाठी कोणत्याही रस्त्याची लांबी ऋण नसावी लागते. शून्य चालते.

प्रोग्राम लिहिताना सर्वांत लहान आकडा पटकन मिळावा म्हणून हीप वापरतात. पायथनमध्ये गाभा एवढाच:

```python
heap = [(0, src)]
while heap:
    d, u = heapq.heappop(heap)
    if u in done:
        continue
    done.add(u)
    for v, w in graph[u]:
        if d + w < dist.get(v, float("inf")):
            dist[v] = d + w
            prev[v] = u
            heapq.heappush(heap, (d + w, v))
```

सुरुवातीला `dist` मध्ये फक्त `src` चा 0 असतो, `done` आणि `prev` रिकामे. बाजार या हीपमध्ये दोनदा जातो, एकदा 9 घेऊन आणि एकदा 7 घेऊन. 7 ची नोंद आधी बाहेर येते. 9 ची जुनी नोंद नंतर येते तेव्हा `continue` तिला सोडून देतं.

नवखे बहुतेक वेळा इथेच चुकतात: ठिकाण हीपमध्ये टाकतानाच ते `done` मध्ये घालतात. मग बाजार 9 वर अडकतो, पूल 15 वर अडकतो आणि दवाखान्याचं उत्तर 18 ऐवजी 23 येतं. प्रोग्राम कुठे थांबत नाही, तक्रार करत नाही, म्हणून हे लवकर लक्षातही येत नाही. पक्कं करायचं ते हीपमधून बाहेर काढताना. फक्त दवाखानाच हवा असेल तरी हाच नियम: तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा 21 असतो, म्हणून तो बाहेर निघेपर्यंत थांबायचं.

ऋण आकडे खऱ्या कामातही येतात. विजेवर चालणारी गाडी घाट उतरताना बॅटरी थोडी भरून घेते, म्हणून रस्त्याची लांबी वेळेऐवजी खर्च झालेल्या विजेत मोजली, तर उताराचा आकडा ऋण होतो. समजा वाडीहून तळ्याकडे थेट रस्त्याने 3 एकक वीज लागते, वाडीहून खिंडीत चढायला 5, आणि खिंडीतून तळ्याकडे उतरताना 4 एकक परत मिळतात. आपली रीत तळं 3 ला पक्कं करून मोकळी होते. खिंडीतून खरा खर्च 5 − 4 = 1 आहे. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: पक्क्या झालेल्या ठिकाणाला आधीपेक्षा लहान आकडा मिळू लागला, तर नकाशात ऋण रस्ता आहे किंवा प्रोग्राम चुकला आहे.

अशा वेळी सगळ्या रस्त्यांत सारखाच आकडा मिळवून ऋण घालवण्याचा मोह होतो. इथे प्रत्येक रस्त्यात 4 मिळवा. थेट रस्ता 7 होतो, खिंडीचा 9 + 0 = 9, आणि उत्तर पुन्हा चुकीचं, कारण दोन टप्प्यांच्या वाटेला 4 चा भार दोनदा पडला. ऋण आकडे असतील तर बेलमन-फोर्ड ही रीत घ्यावी. ती कोणालाच घाईने पक्कं करत नाही, सगळे रस्ते पुन्हा पुन्हा तपासते, ठिकाणं जितकी त्याहून एक कमी इतक्या फेऱ्यांत. तिला वेळ जास्त लागतो. त्यानंतरच्या जादा फेरीतही एखादा आकडा उतरला, तर गोल फिरून खर्च कमीच होत जाईल अशी वाट नकाशात आहे, आणि तिथे ‘सर्वांत कमी’ असं उत्तरच नसतं.