टार्गेटचे गणित : कॉलेज रोडवरच्या चार खुर्च्या

नाशिकच्या सलूनमध्ये महिन्याचे टार्गेट ठरवताना मालक गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा गल्ला समोर ठेवतात. पण इथला धंदा पंचांगाप्रमाणेही वरखाली होतो. श्रावणात कित्येक पुरुष केस कापत नाहीत, पितृपक्षात बरीच घरे नवे काही करत नाहीत आणि लग्नसराईत खुर्च्या कमी पडतात. २०२५ मध्ये पितृपक्ष सप्टेंबरात होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे तो सप्टेंबरअखेर सुरू होऊन ऑक्टोबरात सरकतो. म्हणून सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशी केली तर आकडा चुकतो. तिथी पाहून महिने जुळवावेत आणि आकडा जीएसटी वगळून धरावा.

कॉलेज रोडवरचे चार स्टायलिस्टचे एक सलून उदाहरणादाखल घेऊ. टार्गेट ५,१०,००० रुपये, महिना तीस दिवसांचा, सोमवारी सुट्टी, म्हणजे कामाचे दिवस २६. सरळ भागले तर रोज साधारण १९,६०० येतात. मग मंगळवारी सगळे हिरमुसतात आणि रविवारी दुपारीच निर्धास्त होतात. जुन्या बिलांत शनिवार-रविवारी दुप्पट धंदा दिसत असेल, तर साध्या दिवसाला एक भाग आणि शनिवार-रविवारी दोन भाग धरावेत. साधे दिवस १८ आणि शनिवार-रविवार आठ, म्हणून एकूण ३४ भाग. एका भागाचे १५,००० रुपये होतात. साध्या दिवशी १५,०००, शनिवार-रविवारी ३०,०००.

माणसांतही समान वाटणी चालत नाही. कलर आणि स्मूदनिंग करणाऱ्या सीनियरकडे ४० टक्के, मधल्या दोघांकडे प्रत्येकी २५ आणि ज्युनियरकडे १० टक्के. सीनियरचे साध्या दिवसाचे टार्गेट ६,००० झाले. ३,००० रुपयांचा एक कलर आणि ५०० रुपयांचे सहा हेअरकट, असे सुमारे सात तासांचे हे काम आहे. रविवारी १२,००० हवेत, पण निव्वळ हेअरकटवर ते चोवीस गिऱ्हाइकांशिवाय होत नाहीत आणि तेवढे तास दिवसात नसतात. म्हणून कलर-स्मूदनिंगच्या अपॉइंटमेंट आधीच घ्याव्यात आणि केस धुवायला हेल्पर ठेवावा. कलर मुरत असताना सीनियरला दुसरी खुर्ची सांभाळता येते. तासांत न बसणारे टार्गेट कमीच करायला हवे.

महिना मंगळवारी सुरू झाला, तर दोन आठवड्यांत १६ भाग, म्हणजे २,४०,००० व्हायला हवेत. जमा २,०४,००० असेल, तर ३६,००० ची तूट उरलेल्या १८ भागांत वाटावी. प्रत्येक भाग २,००० ने वाढतो. सगळी तूट शेवटच्या रविवारवर ढकलली, तर स्टायलिस्ट नको असलेली ट्रीटमेंट गळ्यात मारू लागतात. त्या महिन्याचा आकडा गाठलेला दिसतो, पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत तीच गिऱ्हाइके परत येईनाशी होतात. म्हणून प्रत्येक स्टायलिस्टच्या रकमेशेजारी परत आलेल्या गिऱ्हाइकांची संख्याही लिहावी. रक्कम चढत असताना ती संख्या उतरू लागली, तर त्या स्टायलिस्टचे टार्गेट पुढच्या महिन्यात वाढवू नये.