नासणारा पैसा आणि टिकणारा पैसा

गेल्या चैत्रांत मी पुतण्याच्या घरीं पुण्यास आठ दिवस राहावयास गेलों होतों. पुतण्या एका कारखान्यांत नोकरीस, सूनबाई शाळेंत शिक्षिका. घरांत आमच्या वहिनी आणि दहा वर्षांचा नातू. एके सकाळीं सूनबाईच्या माहेराहून फोन आला. तिच्या वडिलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती आणि तिला पंचवीस हजार रुपये पाठवावयाचे होते. तिनें नवऱ्यास विचारलें. तो मनानें वाईट नव्हे, पण म्हणाला, "या महिन्यांत कसें जमतें तें बघून सांगतों." ती कांहीं न बोलतां आंत गेली. स्वतः महिना चाळीस हजार रुपये मिळविणाऱ्या बाईस वडिलांच्या डोळ्यांसाठीं असें उत्तर ऐकावें लागावें, हें मला खटकलें. संध्याकाळीं दोघांना समोर बसवून मीं हिशेबाची वही मागितली. मास्तरकीची खोड, दुसरें काय!

हिशेब निघाला तो असा. त्याचें वेतन सत्तर हजार, तिचें चाळीस. घराच्या कर्जाचा हप्ता एकेचाळीस हजार, तो त्याच्या वेतनांतून जाई. किराणा, दूध, भाजी, वीज, मुलाची फी, कामवाल्या बाईचा पगार, वहिनींचीं औषधें आणि सणावाराचा आहेर मिळून छत्तीस हजार, तो सारा खर्च तिच्या वेतनांतून. अशी वांटणी कोणी ठरविली, असें मीं विचारलें. कोणीच नाहीं! लग्नानंतर ती स्वयंपाकघर पाहूं लागली, म्हणून किराणा तिच्याकडे गेला. घर घेणें हें पुरुषाचें काम, म्हणून हप्ता त्याच्याकडे गेला. दोघांसही ही वांटणी निम्मेनिम्म वाटत होती.

आतां वाचकांनीं थोडें गणित करावें. त्याच्या शंभर रुपयांतील सुमारें एकोणसाठ संसारांत जात होते, तिच्या शंभरांतील नव्वद. महिनाअखेर त्याच्या हातीं एकोणतीस हजार उरत, तिच्या हातीं चार. चार हजार शिलकींतून पंचवीस हजार कसे निघावेत? म्हणून विचारणें आलें, आणि विचारणें आलें कीं परवानगी आली.

पण याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. संसारांतील पैसा दोन प्रकारचा असतो. एक नासणारा: दूध पिऊन संपतें, फीची पावती रद्दींत जाते. दुसरा टिकणारा: हप्त्याचा प्रत्येक रुपया भिंतींत जाऊन बसतो. बाईची मिळकत ती "वरखर्चाची" या समजुतीनें तिचा सारा पैसा नासणाऱ्या खर्चाकडे वळतो. पुरुषास हप्ता भरतां येतो तो ती दूधभाजी सांभाळते म्हणून. पण खरेदीखतावर दूधभाजीची नोंद नसते.

"घर कोणाच्या नांवावर आहे?" मीं विचारलें. खत एकट्या पुतण्याच्या नांवचें. "पण काका, बँकेंत माझीही सही आहे," सूनबाई म्हणाली. कागदपत्रें पाहिलीं. तिचें वेतन धरल्यामुळें कर्ज अधिक मिळालें, म्हणून बँकेनें तिला सहकर्जदार केलें होतें. सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे. उद्यां हप्ते थकले तर बँक तिच्याकडे मागणार. घर मात्र तिचें नाहीं. सुशिक्षित घरांतही हा भेद ठाऊक नसतो. तसेंच सोसायटीच्या दप्तरीं नामनिर्देशन केलें म्हणजे मालकी मिळाली, ही समजूतही चुकीची आहे.

ही समजूत आजची नव्हे. आपल्या स्मृतिकारांनीं स्त्रीधनाचा विचार बारकाईनें केला आहे. माहेराहून प्रेमानें मिळालेल्या धनावर त्यांनीं स्त्रीची मोकळी सत्ता मानली. परंतु कात्यायनानें एक अपवाद सांगितला: स्त्रीनें शिल्पानें, म्हणजे स्वतःच्या हातच्या कसबानें मिळविलेल्या धनावर स्वामित्व पतीचें. दान तिचें, कमाई मात्र त्याची! 1956 च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें ही गोष्ट उलटविली. स्वतःच्या कौशल्यानें वा श्रमानें मिळविलेली मिळकतही तिनें पूर्ण मालक म्हणूनच धारण करावी, असें त्याच्या चौदाव्या कलमांत आहे. कायदा बदलला, घरांतील वही मात्र अजून कात्यायनाच्या मतानें चालते.

त्याच कायद्याचें दुसरें अंग मीं पुतण्यास दाखविलें. मृत्युपत्र न करतां पुरुष गेला, तर त्याची मिळकत पत्नी, मुलें आणि आई यांच्यांत समान वांटली जाते. या घरीं एकच मुलगा. म्हणजे सूनबाईस घराचा एक तृतीयांश. तेंच घर आरंभापासून दोघांच्या नांवें निम्मेनिम्म असतें, तर तिचा अर्धा आणि त्याच्या अर्ध्याचा तिसरा हिस्सा मिळून दोन तृतीयांश तिच्याकडे राहिले असते. वहिनी शेजारींच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला हिस्सा नको, पण तिला डोक्यावर छप्पर राहूं दे." इतकें साधें बोलणें आम्हां शिकलेल्यांना सुचलें नव्हतें.

मग वांटणी अशी केली. हप्ता आणि घरखर्च मिळून सत्याहत्तर हजार ही एकच रक्कम धरली आणि वेतनाच्या सातास चार या प्रमाणांत विभागली. त्यानें एकोणपन्नास हजार, तिनें अठ्ठावीस हजार दोघांच्या सामाईक खात्यांत भरावे. हप्ताही तेथूनच जावा, दूधही तेथूनच यावें. दोघांचेही शंभरांतील सत्तर संसारांत गेले. त्याच्या हातीं एकवीस हजार राहिले, तिच्या हातीं बारा. आणि त्यांचा जाब एकमेकांस द्यावयाचा नाहीं.

घराच्या अर्ध्या हिश्शाचें नोंदणीकृत बक्षीसपत्र पत्नीच्या नांवें करतां येतें. महाराष्ट्रांत राहत्या घरासाठीं पतिपत्नींमधील अशा बक्षीसपत्रास खरेदीखतासारखें भारी मुद्रांकशुल्क पडत नाहीं. मात्र कर्ज बाकी असतां बँकेची लेखी संमति आधीं घ्यावी लागते. ज्यांना घर अजून घ्यावयाचें आहे, त्यांनीं खरेदीखतांतच दोन्ही नांवें घालावीं म्हणजे हा खटाटोप नको.

या त्रैराशिकालाही मर्यादा आहे. पत्नी नोकरी करीत नसेल तर तिच्या बाजूस शून्य येतें, आणि शून्याच्या प्रमाणांत शिलकही शून्यच. म्हणून तेथें दुसरा नियम लावावा: सामाईक खर्च भागल्यावर उरेल तें दोघांनीं समान घ्यावें. ती स्वयंपाकघर सांभाळते म्हणूनच तो कारखान्यांत दहा तास उभा राहूं शकतो.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. शेवटीं म्हणाला, "काका, मला वाटे, सारें ओझें माझ्याच डोक्यावर आहे. हप्ता चुकेल या धास्तीनें मला झोप लागत नसे. पण हिला कसें सांगावें?" पुरुषानें कमवावें आणि काळजी बोलूं नये, हाही त्याच समजुतीचा दुसरा पदर. तिला शिलकीची मोकळीक नव्हती, त्याला काळजीची वाटणी नव्हती.

उपदेश करणाऱ्यानें स्वतःचेंही सांगावें. एक तारखेस मी पत्नीच्या हातीं ठराविक रक्कम देई आणि रोज रात्रीं तिच्याकडून पै-पैचा हिशेब घेई. माझ्या पुस्तकांचा हिशेब तिनें कधीं मागितला नाहीं, आणि मागावा असें मलाही कधीं वाटलें नाहीं. पुण्याहून परतल्यावर मीं तिच्यापुढें माझें बँकेचें पुस्तक ठेवलें. तिनें तें चाळलें आणि एवढेंच विचारलें, "हें इतकीं वर्षें कोठें होतें?" मला उत्तर देतां आलें नाहीं.